खालाचा बदामी सूट

आमच्या खालाने केसांना मेंदी लावणं सोडलं. दीड-दोन वर्षांत लाल केस कापून निघाले आणि डोकं पूर्ण चांदीसारखं झालं. ईदला तिने नेहमीचा बदामी सूट घातला, तर येणारा प्रत्येक जण विचारू लागला, ‘तबियत बरी नाही का?’ तबियत ठणठणीत होती. दोष सुटाचा होता.

मेंदीच्या केसांत तांबूस झाक असते, म्हणून बदामी, मोहरी, खाकी हे रंग त्यांच्याशी जुळतात. चांदीच्या केसांत ती ऊब नसते. शिवाय काळे केस चेहऱ्याला जी गडद चौकट देत होते, तीही जाते. मग पिवळट-तपकिरी कापड गळ्याशी आलं की त्वचा पिवळी दिसते आणि डोळ्यांखालच्या सावल्या वाढतात.

आम्ही एका सकाळी खिडकीजवळ आरसा ठेवला आणि घरातल्या ओढण्या एकेक करून तिच्या हनुवटीखाली धरल्या. नजर ओढणीवर नाही, चेहऱ्यावर ठेवायची. बदामी धरताच गाल उतरले. राखाडीत केस, चेहरा, कापड सगळं एक झालं. मोरपंखी धरली आणि डोळे उजळले; डाळिंबीतही तसंच. काळ्या रंगाची मला खात्री होती, पण खालाच्या भुवयाही पांढऱ्या आहेत, त्यामुळे काळा चेहऱ्यापेक्षा भारी पडला. ज्यांच्या भुवया अजून काळ्या आहेत त्यांना तो छान दिसू शकतो. हे प्रत्येकीने स्वतः पाहावं. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली मात्र नाही. कापड दाराशी, उजेडात नेऊन पाहावं. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्या.

पांढऱ्याचं एक वेगळंच. तेलाने, उन्हाने पांढऱ्या केसांवर पिवळी झाक येते. त्यांच्या शेजारी निळसर-पांढरी, टिनोपाल घातलेली ओढणी आली की केस मळके वाटतात. तिथे दुधी पांढरा बरा.

डोकं झाकणाऱ्यांसाठी चौकट ओढणीचीच असते, आणि कपाळावर केसांची एक बट तेवढी दिसते. म्हणून खर्च ओढणीवर करावा. सलवार-कमीज कुठल्याही रंगाची चालते. खालाचा बदामी सूट आम्ही फेकला नाही, त्यावर मोरपंखी ओढणी घेतली.

माझा खरा राग ‘या वयात फिके रंगच शोभतात’ म्हणणाऱ्यांवर आहे. विधवेने जन्मभर पांढरंच घालावं, असंही आपल्यात काही घरांत मानतात. इद्दत चार महिने दहा दिवसांची असते. त्यानंतर रंगांना मनाई नाही. खालाची इद्दत संपून अकरा वर्षं झालीत. त्या सकाळी डाळिंबी ओढणी तिने आरशासमोर बराच वेळ काढली नाही, मग विचारलं, ‘ही किसकी है?’

माझी होती. आता तिची आहे.