अर्ज वाचण्याआधीच नकार
महाराष्ट्रातल्या वेवजी गावाच्या सीमेपलीकडे, गुजरातेत उंबरगावची औद्योगिक वसाहत आहे. समजा, तिथल्या एका ऑनलाइन अर्जात प्रश्न आहे, ‘आपण गुजरातचे रहिवासी आहात का?’ वेवजीचा आयटीआय झालेला फिटर प्रामाणिकपणे ‘नाही’ निवडतो आणि संगणक त्याचा अर्ज आपोआप बाद करतो. त्याचा बायोडेटा कुणी उघडतही नाही. रोज वेळेवर कामावर पोहोचणारा माणूस हवा, एवढाच कंपनीचा हेतू असेल, तर राज्याची सीमा हे त्याचे माप नव्हे. अर्ज भरताच काही मिनिटांत नकार आला, तर कारण बहुधा असाच प्रश्न असतो. उमेदवारांनी खोटे उत्तर देऊ नये. कंपन्यांनीच असे प्रश्न काढून ‘वेळेवर पोहोचू शकाल का?’ असे सरळ विचारावे.