बिटकॉइनचा नफा कोणत्या खणात? प्राप्तिकराच्या इतिहासातून एक उलगडा

१/१४
१ फेब्रुवारी २०२२ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी अर्थसंकल्पात एक नवी करव्यवस्था मांडली. क्रिप्टोचलने, एनएफटी आणि तत्सम वस्तूंना 'आभासी डिजिटल मालमत्ता' असे नाव मिळाले आणि त्यांच्या विक्रीवरील नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आला. चर्चा झाली ती दराची. माझ्या मते खरा प्रश्न दराचा नसून वर्गीकरणाचा आहे आणि त्याचे उत्तर शोधायला किमान शंभर वर्षे मागे जावे लागते.

२/१४
भारतात प्राप्तिकर आला १८६० मध्ये. १८५७ च्या उठावाने रिकामी झालेली तिजोरी भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी तो आणला. १९२२ च्या कायद्याने त्याला पक्की चौकट दिली. त्या चौकटीत जमीन, घर, दागिने यांच्या विक्रीतील नफ्याला जागाच नव्हती. अवचित हाती आलेली, पुन्हा न येणारी रक्कमही करमुक्त होती. कर होता तो पगार, व्याज, घरभाडे, व्यापार अशा ठरावीक स्रोतांतून येणाऱ्या प्राप्तीवर.

३/१४
या विचाराचे नेमके रूप १९३२ च्या शॉ वॉलेस खटल्यात दिसते. कलकत्त्याच्या या कंपनीकडे दोन तेल कंपन्यांची एजन्सी होती. ती काढून घेताना तेल कंपन्यांनी भरपाई दिली. ही भरपाई 'उत्पन्न' म्हणायची का? लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने नाही म्हटले. उत्पन्न म्हणजे झाडाचे फळ, शेताचे पीक. झाडच गेल्याबद्दल मिळालेला पैसा हे फळ नव्हे, असा त्या निर्णयाचा आशय होता.

४/१४
दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मालमत्तांच्या किमती भडकल्या आणि झाडे विकूनच लोक श्रीमंत होऊ लागले. मग १९४७ मध्ये कायद्यात 'भांडवली नफा' हा नवा खण आला. मुंबईतील स्थावर मालमत्तेतला आपला हिस्सा १९४६ मध्ये विकणाऱ्या नवीनचंद्र मफतलाल यांना नऊ लाखांहून अधिक नफ्यावर कर लागला. भांडवली नफा हे उत्पन्नच नव्हे, म्हणून हा कर घटनाबाह्य आहे, असे म्हणत ते न्यायालयात गेले. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले : 'उत्पन्न' हा शब्द इंग्रजी न्यायालयांच्या जुन्या अर्थात कोंडून ठेवता येत नाही.

५/१४
मधल्या काळात हा कर रद्दही झाला होता. निकोलस काल्डोर या अर्थशास्त्रज्ञाच्या अहवालानंतर १९५६ च्या वित्त कायद्याने तो परत आला आणि टिकला. तेव्हापासून विक्रीतील नफ्यासाठी दोन प्रमुख खण झाले. वस्तू दीर्घकाळ जवळ ठेवून विकली तर भांडवली नफा. सतत खरेदी-विक्री केली तर व्यापाराचे उत्पन्न. वस्तू एकच असली तरी माणूस तिच्याशी कसा वागला यावर खण ठरतो. सोनाराने विकलेली पाटली हा त्याचा माल. आजीने विकलेली पाटली हे तिचे भांडवल.

६/१४
व्यापाराच्या खणातच एक छोटा कप्पा सट्ट्याचा. मुंबईच्या कापूसबाजारात प्रत्यक्ष गाठ न हलवता केवळ भावातील फरकावर सौदे मिटत. अशा सौद्यांतला तोटा कागदावर निर्माण करणे, किंबहुना दुसऱ्याचा तोटा 'विकत घेऊन' आपल्या खऱ्या धंद्याचा नफा झाकणे, हा तेव्हाचा प्रसिद्ध उपाय होता. कायद्याने त्यावर कुंपण घातले : सट्ट्याचा तोटा फक्त सट्ट्याच्याच नफ्यातून वजा होईल. आजही तो तोटा चार वर्षे पुढे नेता येतो. लक्षात घ्या, राज्याने सट्टेबाजावर विश्वास ठेवला नाही. पण त्याचा तोटा खोटाच आहे, असेही मानले नाही.

७/१४
तिसरा खण अवचित लाभाचा. १९७२ पासून लॉटरी, शब्दकोडी, घोड्यांच्या शर्यती यांतील बक्षिसे करपात्र झाली आणि १९८६ मध्ये त्यांच्यासाठी वेगळा सरसकट दर आला. आज तो ३० टक्के आहे. इथे खर्च वजा होत नाही. शंभर तिकिटे घेतली आणि एकच लागले, तरी उरलेल्या नव्व्याण्णवांची किंमत कोणी विचारत नाही. राज्याच्या दृष्टीने ते श्रमाचे फळ नव्हे आणि भांडवलाची वाढही नव्हे.

८/१४
आता २०२२ कडे या. क्रिप्टोवरील कलमाचा साचा भांडवली नफ्याचा किंवा सट्ट्याचा नाही. तो लॉटरीच्या खणातून उचललेला आहे. कायद्याने एकच सवलत दिली : खरेदीची किंमत वजा करता येते. बाकी कोणताही खर्च नाही. संगणक चालवून नाणे 'खणणाऱ्या'चा पायाभूत सुविधांवरील खर्च हा खरेदीची किंमत नव्हे, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितले. वस्तू एक दिवस ठेवा की दहा वर्षे, दर तोच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तोटा कशातूनही वजा होत नाही. दुसऱ्या क्रिप्टोच्या नफ्यातूनसुद्धा नाही.

९/१४
याचा परिणाम एका कल्पित उदाहरणातून पाहू. एका तरुणाने वर्षभरात दोन व्यवहार केले. बिटकॉइनमध्ये २,००,००० रुपये नफा, इथरमध्ये १,८०,००० रुपये तोटा. हातात उरले २०,०००. कर मात्र पूर्ण दोन लाखांवर : ३० टक्क्यांनी ६०,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर २,४००. एकूण ६२,४००. म्हणजे वीस हजार कमावले आणि साडेबासष्ट हजारांच्या आसपास कर भरला. खिशातून ४२,४०० गेले. हाच माणूस कापसाच्या सट्ट्यात असता, तर त्याचे करपात्र उत्पन्न २०,०००च धरले गेले असते.

१०/१४
अशी चूक नेमकी कुठे होते तेही सांगतो. अनेकांना वाटते की रुपये बँकेत आले नाहीत, म्हणजे कर नाही. परंतु बिटकॉइन देऊन इथर घेतले की बिटकॉइनचे हस्तांतर झाले. त्या क्षणीच्या किमतीवर नफा मोजला जातो. पुढे इथर कोसळले तरी आधीचा कर माफ होत नाही. १ जुलै २०२२ पासून अशा व्यवहारांवर १ टक्का मुळातून करकपातही आहे, आणि ती ठरावीक मर्यादेपलीकडे विक्रीच्या पूर्ण रकमेवर होते, मग नफा असो वा तोटा. ती रक्कम विवरणपत्रात परत मागता येते. तोवर अडकून पडते.

११/१४
सरकारची बाजू पोकळ नाही. क्रिप्टोच्या जगात एकाच माणसाची दहा पाकिटे असू शकतात. स्वतःलाच स्वस्तात विकून खोटा तोटा दाखवणे तिथे कापूसबाजारापेक्षा सोपे आहे. शिवाय या वस्तूंचे नियमन करणारा सर्वंकष कायदा नव्हता. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना घातलेली मनाई सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केली होती. प्रवाह अडवता येत नसेल तर निदान त्याची नोंद व्हावी, ही भूमिका समजण्यासारखी आहे. एक टक्क्याची करकपात त्यासाठी उपयोगीच आहे.

१२/१४
पण खोट्या तोट्याचे औषध आपल्याकडे आधीपासूनच होते : सट्ट्याचे कुंपण. क्रिप्टोचा तोटा फक्त क्रिप्टोच्या नफ्यातून वजा होऊ द्यायचा. पगारातून नाही, दुकानाच्या धंद्यातून नाही. त्याहून लक्षणीय गोष्ट २०२३ ची. ऑनलाइन खेळांतील जिंकलेल्या रकमेवरही ३० टक्के कर आला, परंतु तो 'निव्वळ' जिंकलेल्या रकमेवर. खेळाडूने खात्यात भरलेले पैसे त्या हिशेबात वजा होतात. म्हणजे पैसे लावून खेळणाऱ्याला जो हिशेब मिळाला, तो क्रिप्टो खरेदी करणाऱ्याला मिळाला नाही. याचे तात्त्विक समर्थन मला सापडत नाही.

१३/१४
जुना खण लावला तर काय होते, याचेही उदाहरण आहे. २०१५-१६ मध्ये सुमारे पाच लाखांना घेतलेले क्रिप्टो एका करदात्याने २०२०-२१ मध्ये सहा कोटींहून अधिक रकमेला विकले. २०२२ चा नियम तेव्हा नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या जोधपूर खंडपीठाने ही मालमत्ता असून नफा दीर्घकालीन भांडवली आहे, असे ठरवले. अमेरिकेच्या करखात्यानेही २०१४ पासून तिला मालमत्ताच मानले आहे. जर्मनीत खासगी व्यक्तीने वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या नाण्यांचा नफा करमुक्त असतो. सर्वत्र प्रश्न एकच विचारला जातो : या माणसाने काय केले? गुंतवणूक की धंदा?

१४/१४
आपल्या कायद्याने तो प्रश्न सोडून दिला आणि वस्तूचे नाव पाहून खण ठरवला. १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होतो. कलमांचे क्रमांक बदलले, हा साचा मात्र तसाच राहिला. माझे म्हणणे मर्यादित आहे. ३० टक्के दर राहू द्या, करकपात राहू द्या. पण तोटा त्याच खणात वजा होऊ द्या. १९३२ मध्ये 'उत्पन्न' फारच अरुंद होते, १९५४ मध्ये ते रास्तपणे रुंद झाले. पण जे मिळालेच नाही त्यालाही उत्पन्न म्हणावे, इतके रुंद ते मफतलाल खटल्यानेही केले नव्हते. आपले मत वेगळे असल्यास खाली जरूर मांडा. कापूसबाजाराच्या सट्ट्यावर स्वतंत्र धागा पुढे केव्हातरी.