आधी विचारलं की मागाहून सांगितलं?

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये १२४ माणसं वॉकमन जवळ बाळगून हिंडत होती. गाणी ऐकायला नव्हे, बोलणं टिपायला. देशभरातल्या ३८ ठिकाणांहून त्यांना निवडलं होतं, आणि निवडताना वय, स्त्री-पुरुष प्रमाण, सामाजिक थर हे सगळं तोलून पाहिलं होतं. काम सोपं होतं. दोन ते सात दिवस घरी-दारी जे बोलणं होईल ते टेपवर घ्यायचं आणि कोण बोललं, कुठे बोललं, याची नोंद एका वहीत करायची. असं सुमारे ७०० तासांचं बोलणं जमलं, ते टंकलेखकांनी ऐकून उतरवलं आणि ‘ब्रिटिश नॅशनल कॉर्पस’ या प्रचंड भाषासंग्रहात ते दाखल झालं.

इंग्रज माणूस घरात शिव्या किती देतो, कोणत्या देतो, कोणाला देतो, याचा पहिला मोठा पुरावा या टेपांतून मिळाला.

प्रश्नावली देऊन हे कळत नाही. ‘तुम्ही दिवसातून किती शिव्या देता?’ या प्रश्नाला कोणीही खरं उत्तर देत नाही, आणि द्यायचं ठरवलं तरी देता येत नाही, कारण बहुतेक शिव्या देणाऱ्याच्याही लक्षात राहत नाहीत. घरात पाहुणा आला की आवाज बदलतो, शब्दही बदलतात, आणि सगळ्यात आधी शिवी गप्प होते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी हा पेच नेमका मांडला होता: कोणी लक्ष देत नसताना माणसं कशी बोलतात हे अभ्यासकाला हवं असतं, आणि लक्ष दिल्याशिवाय ते त्याला मिळत नाही.

ब्रिटिश प्रकल्पाने यातून वाट काढली ती अशी. रेकॉर्डिंग शक्य तितकं नकळत करायचं. कित्येकदा वॉकमन बाळगणारा सोडून कोणालाच टेप चालू असल्याचं ठाऊक नसे. बोलणं संपल्यावर, शक्य असेल तेव्हा, तो सगळ्यांना सांगे आणि कारणही समजावून देई. कोणी हरकत घेतली तर टेप पुसली जाई.

बोलणं कागदावर उतरलं की मोजणी सुरू होते, आणि ती दिसते तेवढी सरळ नाही. संगणकाला ‘ब्लडी’ शोधायला सांगितलं तर रक्ताने माखलेला रुमालही शिव्यांच्या यादीत येतो. मराठीतला दाखला घ्या. ‘आयला, पाऊस आला!’ आणि ‘आयला सांग, मी उशिरा येतो.’ शब्द एकच, पण पहिल्या वाक्यात तो उद्गार आहे आणि दुसऱ्यात बिचारी खरीखुरी आई आहे. म्हणून लँकेस्टर विद्यापीठाचे टोनी मॅकएनरी यांनी या संग्रहातल्या शिव्यांचं काम हाती घेतलं तेव्हा एकेक वापर वेगळा करून त्याला खूण केली: हा नुसता उद्गार, हा जोर देण्यासाठी, हा समोरच्यावर सोडलेला, हा शब्दशः अर्थाचा. या खुणांशिवाय आकडे फसवे असतात. शिवाय हसताना, एकमेकांच्या बोलण्यावर बोलताना निसटलेली शिवी टंकलेखकाला ऐकूच येत नाही आणि त्या जागी ‘अस्पष्ट’ अशी खूण पडते. अशा शिव्या कोणत्याच मोजणीत येत नाहीत.

वीस वर्षांनी हाच प्रयोग पुन्हा झाला. लँकेस्टर विद्यापीठ आणि केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेस यांनी २०१२ ते २०१६ या काळात ६६८ जणांचं बोलणं जमवलं. आता वॉकमनच्या जागी खिशातला फोन होता. नियमही बदलला होता: बोलणाऱ्या प्रत्येकाची संमती रेकॉर्डिंगच्या आधी घ्यायची. रॉबी लव्ह यांनी दोन्ही संग्रह शेजारी ठेवून शिव्या मोजल्या आणि २०२१ मध्ये निष्कर्ष छापले. आधीच्या संग्रहात दहा लाख शब्दांमागे १,८२२ शिव्या होत्या, नंतरच्यात १,३२०. म्हणजे २७.६ टक्के घट. पूर्वी पहिल्या क्रमांकावर असलेला ‘ब्लडी’ मागे पडला आणि त्याची जागा ‘फक’ने घेतली.

मग इंग्रज सभ्य झाले का? या आकड्याकडे पाहताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. पहिल्या वेळी कित्येकांना टेप चालू असल्याचं माहीत नव्हतं. दुसऱ्या वेळी सगळ्यांनी आधीच होकार दिला होता, फोन टेबलावर समोर असू शकत होता. २७.६ मधला किती भाग भाषेच्या बदलाचा आणि किती त्या होकाराचा, हे नुसत्या या दोन संग्रहांवरून वेगळं काढता येत नाही. क्रमवारीतला बदल मात्र अधिक विश्वासार्ह वाटतो. संकोचाने माणूस शिव्या कमी देईल, पण संकोचामुळे तो सौम्य ‘ब्लडी’ सोडून जास्त जहाल शब्द धरील, हे संभवत नाही.

तरीही दुसरी पद्धतच योग्य, असं या स्तंभाचं ठाम मत आहे. मागाहून घेतलेली परवानगी दिसायला परवानगी असते, पण ती मागणारा नवरा असतो, बहीण असते, शेजारी असतो. टेप त्याच्या हातात असते आणि बोलणं आधीच होऊन गेलेलं असतं. अशा वेळी ‘पूस’ म्हणणं म्हणजे आपण काहीतरी वावगं बोललो अशी कबुली देण्यासारखं. आणि मुळात ‘शक्य असेल तेव्हा’ सांगायचं, या सवलतीत दुकानातलं गिऱ्हाईक किंवा पाच मिनिटांसाठी डोकावलेला शेजारी सहज निसटतो. शिव्यांचा आकडा शेकडा काही कमी आला तरी चालेल, पण नकळत टिपलेल्या माणसाच्या खर्चाने तो वाढवू नये.

त्या टेपांची पुढची गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. बोलणाऱ्यांना गुप्ततेचं वचन दिलं होतं, आणि उतरवलेल्या मजकुरातून आडनावं, पूर्ण नावं, पत्ते काढून ते पाळलंही गेलं. पण ते वचन कागदावरच्या अक्षरांचा विचार करून दिलेलं होतं. पुढे त्या कॅसेटी डिजिटल झाल्या आणि नावांच्या जागी आवाज बंद करून ध्वनी इंटरनेटवर अभ्यासकांसाठी खुला झाला. नाव झाकता येतं, आवाज नाही. ज्याने त्या घरात दोन दिवस काढले असतील तो, स्वयंपाकघरातून नवऱ्याला शिवी हासडणारा आवाज कोणाचा हे पहिल्या वाक्यालाच ओळखील. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टेपसमोर बोलणाऱ्या बाईला याची कल्पना कोण देणार होतं?

होकार आधी हवा आणि बोलणंही मोकळं हवं, या पेचावर एक चांगला तोडगा मानसशास्त्रज्ञ मथियास मेल आणि जेम्स पेनेबेकर यांच्या कामात सापडतो. त्यांचं छोटं यंत्र दिवसभर अंगावर राहतं, पण सलग ऐकत नाही. साधारण बारा मिनिटांनी एकदा, तीस सेकंद, एवढंच टिपतं. कधी चालू झालं हे बाळगणाऱ्यालाही कळत नाही, म्हणून थोड्या वेळाने त्याला त्याचा विसर पडतो आणि जीभ सैल होते. पण त्याने सगळ्याला होकार आधीच दिलेला असतो, आणि महत्त्वाचं म्हणजे अभ्यासकाच्या कानावर एकही तुकडा पडण्याआधी त्याला ते सगळे ऐकून हवे ते पुसता येतात. एकट्याने, कोणाला कारण न सांगता.

बाजूला बसलेल्या मित्राचा प्रश्न तिथेही उरतोच. तीस सेकंदांच्या तुकड्यात त्याची शिवीही येते, आणि पुसण्याचं बटण त्याच्या हाती नसतं.