परिकल्पना खरी ठरली म्हणून अहवाल चांगला ठरत नाही

मानसशास्त्राच्या प्रयोगाचा अहवाल हातात आला की पुष्कळ परीक्षक आधी शेवटचे पान उघडतात. ‘परिकल्पना सिद्ध झाली’ असे वाक्य तिथे असले, तक्ता नीट भरलेला असला, आलेखाला मथळा असला, की गुण पडतात. विद्यार्थ्यांना हे पक्के ठाऊक असते, म्हणून ते परिकल्पना कुठल्या तरी वहीतून उतरवतात, अभिकल्पाचा परिच्छेद पाठ्यपुस्तकातून घेतात आणि सगळा जीव आकड्यांना लावतात. या पद्धतीमागे एक मत आहे: शब्दरचना ही औपचारिकता, खरी किंमत निकाल अपेक्षेप्रमाणे आला की नाही याला. हे मत मला मुळातूनच चुकीचे वाटते. निकाल काय यावा हे लेखकाच्या हातात नसते. काय आले तर आपण चुकलो म्हणायचे, हे आधीच स्पष्ट सांगणे मात्र पूर्णपणे त्याच्या हातात असते, आणि अहवाल तपासायचा तो त्यावर.

उदाहरणासाठी एक गाजलेला प्रयोग घेऊ. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. त्यांनी ४५ विद्यार्थ्यांना वाहन अपघातांच्या सात छोट्या चित्रफिती दाखवल्या आणि नंतर प्रश्नावली दिली. तिच्यात एक कळीचा प्रश्न होता: गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा त्यांचा वेग साधारण किती होता? प्रश्न सगळ्यांना हाच, फक्त क्रियापद वेगळे. नऊ-नऊ जणांच्या पाच गटांना ‘स्मॅश्ड’, ‘कोलायडेड’, ‘बम्प्ड’, ‘हिट’ आणि ‘कॉन्टॅक्टेड’ यांपैकी एकेक शब्द मिळाला. ‘स्मॅश्ड’ ऐकलेल्यांनी सरासरी ताशी ४०.५ मैल वेग सांगितला, ‘कॉन्टॅक्टेड’वाल्यांनी ३१.८. बाकीचे तीन या दोघांच्या मधे पडले.

हा प्रयोग बी.ए.च्या वर्गात मराठीतून सहज करता येतो. एका गटाला ‘आदळल्या’, दुसऱ्याला ‘लागल्या’. अशा अहवालात हमखास सापडणारी परिकल्पना अशी असते: ‘प्रश्नातील शब्दांचा साक्षीदाराच्या स्मृतीवर परिणाम होतो.’ वाचायला वाक्य भारदस्त आहे, पण त्याला हरवून दाखवा पाहू. ‘आदळल्या’ ऐकणाऱ्यांनी जास्त वेग सांगितला तरी ते खरे, कमी सांगितला तरी खरे. वेग सारखाच आला आणि एका गटाने गाडीचा रंग चुकीचा सांगितला, तरी ‘परिणाम झाला’ म्हणायला लेखक मोकळा. कोणते शब्द, कशाशी तुलना, काय मोजले, कोणत्या दिशेला, यातले काहीच त्यात नाही. शिवाय ‘स्मृती’ हा शब्द आहे, पण प्रयोगात स्मृती मोजलेली नाही. मोजला आहे तो वेगाचा अंदाज. याच जागी असे लिहिले असते तर? ‘ज्यांच्या प्रश्नात “आदळल्या” हा शब्द असेल, ते “लागल्या” हा शब्द मिळालेल्यांपेक्षा सरासरी जास्त वेग (ताशी किलोमीटर) सांगतील.’ हे वाक्य खोटे ठरू शकते. दोन्ही सरासऱ्या सारख्या आल्या किंवा उलट्या आल्या, की ते पडले. म्हणूनच ते खरे ठरले तर त्याला वजन येते.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. नवख्या विद्यार्थ्याला दिशा आधीच कशी सांगता येईल? नाही सांगता आली तर नको. पूर्वीच्या संशोधनाचा कौल एका बाजूला नसेल, तर ‘दोन गटांच्या सरासरी वेगात फरक पडेल’ एवढेच लिहावे. ती दिशाहीन परिकल्पना पूर्णपणे मान्य आहे. पण मग चाचणीही दुपुच्छी हवी, आणि आकडे पाहिल्यावर ‘आमच्या अपेक्षेप्रमाणे जास्त वेग आला’ असे लिहिता येणार नाही. अपेक्षा नोंदवलीच नव्हती. दिशा न सांगणे हा दोष नाही. दिशा न सांगता तिचे श्रेय घेणे हा दोष आहे, आणि तो पकडायला परिकल्पनेचे वाक्य आणि निष्कर्षाचे वाक्य शेजारी-शेजारी ठेवून वाचण्यापलीकडे काही लागत नाही.

अभिकल्पाच्या बाबतीत ऐकू येते की, तो परिच्छेद सगळ्यांचा सारखाच असतो, त्यावर वेळ कशाला घालवायचा. सारखा असतो हे खरे; आणि तोच त्याच्यातला बिघाड आहे. ‘विद्यार्थ्यांची दोन गटांत विभागणी केली’ हे वाक्य घ्या. कशी केली? पुढच्या तीन बाकांवरचे एका गटात आणि मागचे दुसऱ्या गटात असतील, तर पडद्यापासूनचे अंतर, लक्ष, वर्गात उशिरा येण्याची सवय हे सगळे शब्दाबरोबरच बदलले. आता वेगातला फरक ‘आदळल्या’मुळे की बाकामुळे, हे सांगायला मार्ग उरला नाही. ‘यादृच्छिक पद्धतीने’ हे दोन शब्द जोडल्यानेही भागत नाही. प्रश्नपत्रिकांचे दोन प्रकार आधी पिसून एका गठ्ठ्यात ठेवले आणि वरून एकेक वाटत गेलो, असे सांगितले की भागते. एकाच सहभागीला दोन्ही शब्द का दिले नाहीत, हेही सांगावे लागते: दिले असते तर दुसऱ्या प्रश्नाला त्याला डाव कळला असता. म्हणूनच इथे स्वतंत्र गटांचा अभिकल्प लागतो, आणि ज्या अहवालात त्याचे फक्त नाव आहे पण कारण नाही, त्या लेखकाला तो समजला आहे असे मी धरत नाही.

तपशील किती द्यायचा, याची माझी कसोटी सरळ आहे. दुसऱ्या गावच्या कॉलेजातल्या मुलीला या लेखकाला फोन न करता हाच प्रयोग करता आला पाहिजे. फीत किती सेकंदांची, प्रश्न एकूण किती, कळीचा प्रश्न कितवा, फीत आणि प्रश्न यांच्यामधे किती वेळ गेला. या गोष्टी किरकोळ दिसतात, पण निकालाचा अर्थ त्यांच्यावरच उभा असतो. लॉफ्टस-पामर यांचा दुसरा प्रयोग पाहिला की हे उमगते.

पहिल्या प्रयोगाचे आकडे अपेक्षेप्रमाणे आले होते. शेवटचे पान आधी उघडणाऱ्या परीक्षकाच्या दृष्टीने काम तिथे संपले. लेखकांच्या दृष्टीने संपले नव्हते, कारण त्या आकड्यांचे दोन अर्थ निघत होते. एक, शब्दाने अपघाताची आठवणच बदलली. दोन, आठवण होती तशीच आहे; ताशी तीस म्हणावे की चाळीस, अशा विचारात असलेल्या माणसाला शब्दाने चाळीसकडे झुकवले, एवढेच. पहिला प्रयोग या दोहोंत निवाडा करू शकत नव्हता आणि त्यांनी तसे स्वच्छ लिहिले. मग १५० विद्यार्थी घेतले. एक फीत दाखवली, पन्नास जणांना ‘स्मॅश्ड’ने वेग विचारला, पन्नास जणांना ‘हिट’ने, आणि पन्नास जणांना वेग विचारलाच नाही. आठवड्याने तेच लोक पुन्हा आले. फीत पुन्हा न दाखवता त्यांना दहा प्रश्न दिले आणि त्यांत एक मिसळला: तुम्ही फुटलेली काच पाहिली का? फितीत काच फुटलेली नव्हती. आठवणच बदलली असेल तर ‘स्मॅश्ड’ गटात न दिसलेली काच जास्त जणांना ‘दिसायला’ हवी. नुसता अंदाज झुकला असेल, तर काचेच्या प्रश्नावर फरक पडायचे कारण नाही. ‘हो’ म्हणणारे निघाले ‘स्मॅश्ड’ गटात १६, ‘हिट’ गटात ७ आणि तिसऱ्या गटात ६.

या तिसऱ्या गटाकडे विद्यार्थ्यांचे लक्ष जात नाही. तो नसता तर ‘हिट’मुळे काच दिसणे कमी झाले की ‘स्मॅश्ड’मुळे वाढले, हे कळले नसते. सात आणि सहा हे आकडे जवळजवळ सारखे असल्याने वाढ ‘स्मॅश्ड’मुळे झाली, असे म्हणायला आधार मिळतो. भाकीत आणि निकाल यांच्यातला दुवा म्हणतात तो हा: निकालाचा प्रत्येक आकडा आधी मांडलेल्या कुठल्या तरी प्रश्नाला उत्तर देतो.

आता वर्गातला अहवाल पुन्हा घ्या. त्याने पहिल्याच प्रयोगाची नक्कल केली, वेगात फरक मिळवला, आणि निष्कर्षात लिहिले, ‘यावरून शब्द माणसाची स्मृती बदलतात हे सिद्ध झाले.’ वेगाच्या अंदाजावरून स्मृतीवर घेतलेली ही उडी लॉफ्टस-पामर यांनी स्वतः पहिल्या प्रयोगावरून घेतली नव्हती. त्या वाक्याला मी गुण कापतो, आकडे कितीही बिनचूक असले तरी. दुसरा प्रयोग केला असता तरी ‘सिद्ध झाले’ जड जाते. ‘स्मॅश्ड’ गटातल्या ३४ जणांनी काच नव्हती असेच सांगितले. म्हणजे निष्कर्ष एवढाच निघतो की, चुकीने ‘हो’ म्हणण्याची शक्यता वाढते. आणि मूळची आठवण पुसली जाते की नंतरची माहिती तिच्या शेजारी येऊन बसते, यावर मॅक्लोस्की आणि झारागोझा यांनी १९८५ साली असल्या साऱ्या संशोधनालाच आव्हान दिले आणि वाद पुढे चालू राहिला.

उरते ती भीती, अपेक्षाभंगाची. निकाल उलटा आला तर अहवाल फसला, असे विद्यार्थ्यांना वाटते, आणि आपणच त्यांना तसे वाटू दिले आहे. स्ट्रूपचा १९३५चा शोधनिबंध त्यांच्यापुढे ठेवावा. रंगांची नावे काळ्या शाईत वाचायला ७० विद्यार्थ्यांना सरासरी ४१.० सेकंद लागले, भलत्याच रंगाच्या शाईत वाचायला ४३.३. हा फरक भरवशाचा नाही, असे त्याने नोंदवले. दुसऱ्या प्रयोगात १०० विद्यार्थ्यांना शब्द वाचायचा नव्हता, शाईचा रंग सांगायचा होता. नुसत्या रंगीत चौकोनांना ६३.३ सेकंद लागले, भलत्या शब्दांच्या शाईला ११०.३. पहिला ‘फारसे काही आले नाही’ असा निकाल त्याने गाळला असता तर दुसऱ्याचा अर्थच लागला नसता: शब्द रंगाला अडवतो, पण रंग शब्दाला जवळजवळ अडवत नाही. या दोन आकड्यांच्या जोडीवर पुढे अनेक दशके काम झाले.

शेवटचा आक्षेप असा की, इतकी शिस्त लावली तर अनपेक्षित सापडलेल्या गोष्टीला जागाच राहणार नाही. जागा आहे, फक्त वेगळी आहे. वर्गातल्या त्या प्रयोगात दुचाकी चालवणाऱ्यांवर शब्दाचा परिणाम कमी दिसला, तर ते जरूर लिहावे, पण चर्चेत, ‘हे आधी ठरवलेले नव्हते, आकडे पाहताना दिसले’ अशा उघड शब्दांत आणि पुढच्या प्रयोगाची परिकल्पना म्हणून. तीच गोष्ट मागे नेऊन पहिल्या पानावर ‘दुचाकीचालकांवर परिणाम कमी होईल’ अशी बसवणे, याला नॉर्बर्ट कर यांनी १९९८ साली नाव देऊन त्याचे नुकसान सविस्तर मांडले. ते नुकसान प्रामाणिक आकड्यांनीही भरून निघत नाही. वीसेक उपगट तपासले की एखाद्यात तरी नुसत्या योगायोगाने फरक दिसतो. तो आधीच सांगितला होता असे भासवले, की तपासलेले बाकीचे एकोणीस वाचकाला दिसेनासे होतात आणि योगायोगाला भाकिताचा मान मिळतो. प्रात्यक्षिकाच्या वहीत हे टाळणे अवघड नाही. प्रयोगाच्या आधी परिकल्पनेच्या पानावर तारीख घालून शिक्षकाची सही घ्यावी, आणि तपासताना पहिल्यांदा तेच पान उघडावे.