‘घ्या’ नव्हे, ‘घे’

संक्रांतीला मनातल्या माणसाला तयार चित्रच पाठवावं, असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. त्यांचं म्हणणं असं, की चित्र सगळ्यांनाच जातं, त्यामुळे मनातलं उघडं पडत नाही आणि उत्तर आलं नाही तरी दोघांचा मान राहतो. मला हे पटत नाही. पतंग, हलव्याचे दागिने आणि सोनेरी अक्षरं असलेल्या चित्राला ‘तुलाही’ यापलीकडे उत्तरच नसतं. म्हणजे नकाराची भीती टळते हे खरं, पण बोलणंही तिथेच संपतं. शिवाय 2018 पासून व्हॉट्सॲप पुढे ढकललेल्या मजकुरावर तसा शिक्का मारतं आणि आता फार फिरलेल्या मजकुरावर दुहेरी बाणही दिसतो. काहीजण मजकूर कॉपी करून शिक्का टाळतात. पण ‘आपणास व आपल्या परिवारास’ ही भाषा कशी लपणार? शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीला कोणी ‘आपणास’ म्हणतं का?

मराठीत एकट्यासाठी आणि घोळक्यासाठी क्रियापदाचं रूपच वेगळं आहे. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे आदरार्थी किंवा अनेकांसाठी. जिला रोज ‘तू’ म्हणतो, तिला ‘घे’ आणि ‘बोल’च म्हणावं. तिळगूळ देण्याची रीतही तशीच आहे: एका हातातून एका तळहातावर. तो कधी गच्चीवरून उधळत नाहीत.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट. सणाचं निमित्त आहे, तर मन मोकळं करून टाकावं, म्हणतो. हा पक्ष मला अधिक प्रामाणिक वाटतो, तरी तोही मान्य नाही. सणाच्या दिवशी तिच्या घरात आई, आत्या, पाहुणे असतात. फोन ओट्यावर पडलेला असतो. अशा वेळी वीस ओळींची कबुली आली, की तिला एकतर होकार द्यावा लागतो, नाहीतर गप्प राहावं लागतं. शुभेच्छेच्या नावाखाली उत्तराचं ओझं देणं बरं नव्हे.

मग काय लिहावं? माझ्या भाच्याने गेल्या संक्रांतीला काय केलं ते सांगते. तो पुण्याचा, ती त्याच्या ऑफिसातली, मूळची सोलापूरची. डब्याच्या वेळी ती एकदा म्हणाली होती, की भोगीला राळ्याचा भात आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी नसेल तर तिला सण वाटतच नाही. सणाला ती गावी गेली होती. त्याने पहिला मसुदा मला दाखवला: “हॅपी संक्रांत! कशी आहेस? घरी मजा ना?” यातल्या दोन्ही प्रश्नांना ‘हो, मस्त’ एवढंच उत्तर होतं. दुसऱ्या मसुद्यात तिने तीन वर्षांपूर्वी टाकलेल्या एका फोटोचा उल्लेख होता. तो मी काढायला लावला. तिने आपण होऊन त्याला सांगितलेली गोष्ट वेगळी आणि त्याने शोधून काढलेली वेगळी. दुसरीने माणूस सावध होतो.

शेवटी त्याने लिहिलं ते असं:

“तिळगूळ घे, गोड बोल. काल राळ्याचा भात मिळाला ना? मी आज आईबरोबर गुळपोळ्या लाटल्या, तिसरीतला गूळ फुटून सगळा तव्यावर आला. तुमच्याकडे सारणात बेसन घालतात की शेंगदाण्याचं कूट?”

तिचं बोलणं लक्षात राहिलं होतं, हे दुसऱ्या वाक्यात आपसूक आलं. तिसऱ्यात त्याने स्वतःचं घर थोडं उघडलं. प्रश्न तिच्या घरातला होता आणि उत्तर द्यायला अर्धं मिनिट पुरेसं. मजकूर दुपारी साडेतीनला गेला, कारण सकाळच्या चित्रांच्या ढिगात तो दिसलाच नसता. बदामाचं चिन्ह त्यात नव्हतं.

एक मर्यादा मी त्याला आधीच सांगितली होती. नुसतं ‘तुलाही’ आणि हसरा चेहरा आला, तर तो सभ्य पूर्णविराम समजायचा. ‘बिझी आहेस का?’ असं मागून विचारायचं नाही, ऑफिसात विषय काढायचा नाही. तिने उलट काही विचारलं किंवा न विचारलेलं सांगितलं, तरच पुढे बोलायचं.

संध्याकाळी उत्तर आलं. “कूटच! बेसन कुठे घालतात? आणि गूळ फुटला म्हणजे सारण कणकेपेक्षा घट्ट झालं असणार. दोन्ही सारखंच मऊ हवं. आजी म्हणते, पोळी कडेपर्यंत सारखी लाट. चौथी जमली का?”

त्याने चौथ्या पोळीचा फोटो पाठवला. एका बाजूने ती करपली होती.