मोजपट्टी नको, आधी सीट तपासा

वनरक्षक भरतीच्या ३ किलोमीटर धावेसाठी रोज पळणाऱ्या, कामावर सायकलनं जाणाऱ्या एखाद्या बाईचे योनीचे आतले ओठ घासून चुरचुरू लागले, की तिच्या वाट्याला दोन सल्ले येतात. घरातल्या बायका म्हणतात, ‘बाईच्या जातीला हे असायचंच, सहन कर.’ मोबाईलवरची जाहिरात म्हणते, ‘हे जास्त वाढलंय, कापून घ्या.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, कारण घासतंय कशामुळे हे दोघांपैकी कुणीच बघत नाही.

आधी ‘जास्त वाढलंय’ याचा समाचार घेऊ. जास्त म्हणजे कशापेक्षा? २००५ साली लंडनच्या डॉक्टरांनी ५० स्त्रियांची मापं घेतली. आतल्या ओठांची रुंदी कुणाची ७ मिलिमीटर भरली, कुणाची ५०. म्हणजे निरोगी स्त्रियांमध्येच सातपट फरक. आतले ओठ बाहेरच्या ओठांखाली झाकलेले नसणं, एक मोठा आणि एक लहान असणं, कडा काळपट आणि सुरकुतलेल्या असणं, हे सगळं नैसर्गिकच. वयात येताना ते संप्रेरकांमुळे वाढतात. त्यावरून बाईच्या चालचलणुकीचा अंदाज बांधणाऱ्यांना शरीरशास्त्राचा काडीचाही आधार नाही. अमुक सेंटिमीटरच्या पुढे आजार, अशी सर्वमान्य रेषाही नाही.

पण नैसर्गिक आहे म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. ‘सहन कर’ची किंमत आपल्याच भागानं मोजून दाखवली आहे. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या आणि १९८९ साली निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. आधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. तो अभ्यास घासण्याच्या त्रासाचा नव्हता, पण न बोलता सोसण्याच्या सवयीखाली किती दुखणी दडतात, ते त्यानं उघड केलं.

मग करायचं काय? समजा, सत्तावीस वर्षांची बाई सायकलवरून रोज दहा किलोमीटर जाते. चंद्रपूरचा मे महिना, घामानं भिजलेली चड्डी, जाड शिवणीची लेगिंग. दोन्ही ओठांच्या कडा लाल, लघवीचा स्पर्श झाला की आग. डॉक्टरांनी आधी तपासून बघावं, कारण हीच आग बुरशीच्या संसर्गानं किंवा त्वचारोगानंही होते. खाज आणि दह्यासारखं पांढरं जात असेल तर बुरशीचा संशय घ्यावा, आणि ती वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासावी. कातडी पांढरी, पातळ पडली असेल तर तो वेगळाच आजार. एकाच बाजूला सूज किंवा गाठ असेल तर ‘ठेवणच तशी’ म्हणून सोडून देऊ नये.

हे काहीच नसेल तर सायकलकडे वळावं. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर सगळा भार नाजूक भागावर येतो. ते सपाट किंवा किंचित खाली हवं. सीट फार उंच असेल तर पेडल गाठताना कंबर डावी-उजवी डुलते आणि प्रत्येक फेऱ्याला घासतं. मागून दुसऱ्या कुणी पाहिलं की हे लगेच कळतं. भार बसायच्या दोन हाडांवर यावा इतकी सीट रुंद हवी; मधे खाच असली तर आणखी बरं. पॅड असलेली सायकलची चड्डी आत दुसरी चड्डी न घालता वापरावी. निघण्याआधी पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा, पोचल्यावर ओले कपडे लगेच बदलावेत, धुवायला नुसतं पाणी पुरे. केस काढू नयेत. ते घर्षण अडवतात. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकआधी ब्रिटनच्या सायकलपटूंनाही हाच सल्ला दिला गेला होता.

दोन-तीन महिने हे नीट करूनही कातडी सोलतच असेल, ओठ सीटखाली दुमडून चिमटत असतील, तर शस्त्रक्रियेची चर्चा रास्त आहे, आणि तशी बाई नखरे करतेय असं म्हणणं अन्यायाचं. पण चर्चेत सगळं यायला हवं. एका पद्धतीत कडा छाटतात, दुसरीत मधला पाचरीसारखा तुकडा काढून दोन्ही भाग शिवतात. सूज उतरायला काही आठवडे लागतात, सायकल साधारण सहा आठवडे बंद. टाके उसवणं, रक्तस्राव, संसर्ग, दुखरा व्रण, संवेदना कमी होणं, हे धोके खरे आहेत. जास्त कापलं गेलं तर ते परत जोडता येत नाही. आणि सीट तशीच राहिली तर नव्या व्रणावरही ती घासणारच.

म्हणून सर्जननं विचारायचा पहिला प्रश्न ‘किती सेंटिमीटर?’ हा नसून ‘कधी, कुठे आणि काय करताना दुखतं?’ हा हवा. ‘सायकलवर, कडेला, सगळं करून पाहिल्यावरही’ असं उत्तर आलं तर पुढे बोलावं. ‘दुखत नाही, पण दिसायला बरं नाही असं कुणीतरी म्हणालं’ असं उत्तर आलं तर सुरी खाली ठेवावी आणि ती निरोगी आहे हे तिला स्वच्छ शब्दांत सांगावं.