व्हिसा साहेबाच्या हातात, पण कागद तुमच्या हातात होते ना?



बडोद्यात अलकापुरीपासून फत्तेगंजपर्यंत चक्कर मारली तर दर दहा दुकानांमागे एक पाटी परदेशी शिक्षण आणि व्हिसाची दिसते. आपल्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या घरांतली मुलंही आता तिथूनच जातात. त्यामुळे हे लिहिणं कोणाला तरी लागेल, कोणाला तरी उपयोगी पडेल.

आमच्या चुलत भावाच्या नातीला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात एक वर्षाच्या मास्टर्ससाठी प्रवेश मिळाला. व्हिसाचं काम एका सल्लागाराकडे दिलं. फी ३५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी ६,३००, म्हणजे एकूण ४१,३००. ऑगस्टअखेर व्हिसा नाकारला गेला. भाऊ पैसे मागायला गेले तर उत्तर मिळालं, "काका, वीझा तो एम्बसीना हाथमा छे, एमां अमे शुं करीए?" आणि पावतीवरची छापील ओळ दाखवली: फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही.

भाऊ घरी परत आले आणि नातेवाईकांनी त्यांनाच समजावलं. जाऊ द्या, नशीब, उगाच वाईटपणा कशाला. माझं म्हणणं असं की इथे नशीब काढूच नका. नकाराचं पत्र काढा.

ते पत्र मी वाचलं. त्यात मुलीच्या इंग्रजीबद्दल, अभ्यासाबद्दल, हेतूबद्दल एक अक्षर नाही. दोनच कारणं आहेत, दोन्ही कागदांची.

पहिलं कारण बँक स्टेटमेंटचं. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसाचा नियम असा आहे की लागणारी रक्कम खात्यात सलग २८ दिवस असली पाहिजे, एक दिवससुद्धा खाली जाता कामा नये. आणि त्या २८ दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या आधी ३१ दिवसांच्या आत पडला पाहिजे. अर्जाची तारीख म्हणजे ऑनलाइन फी भरली तो दिवस. आता तारखा बघा. मुलीच्या वडिलांच्या खात्यात २ जूनला रक्कम जमा झाली आणि पुढे तशीच राहिली. सल्लागाराने स्टेटमेंट मागितलं ते ३० जूनपर्यंतचं. २८ दिवस पूर्ण झाले होते, इथवर सगळं बरोबर. त्या स्टेटमेंटवर ३१ जुलैपर्यंत अर्ज करता आला असता. यांनी अर्ज भरला ४ ऑगस्टला. ३० जूनपासून ४ ऑगस्ट म्हणजे ३५ दिवस. चार दिवसांनी स्टेटमेंट शिळं झालं होतं.

मी आयुष्यभर बँकेत काढलं म्हणून सांगतो, नवीन स्टेटमेंट काढणं हे दहा मिनिटांचं काम. पैसे खात्यात होतेच. सल्लागाराने एक फोन केला असता तर भाऊ त्याच दुपारी कागद नेऊन देते. फोन आला नाही, कारण तिकडे तारीख कोणी मोजलीच नाही.

दुसरं कारण संमतिपत्राचं. पैसे आई-वडिलांच्या खात्यात असतील तर नातं दाखवायला जन्मदाखला आणि हे पैसे मुलीला वापरू देत आहोत असं आई-वडिलांचं सहीचं पत्र, दोन्ही लागतं. वडिलांनी २० जूनला सही करून पत्र दिलं होतं. सल्लागाराच्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर "मिळालं" असं लिहिलेलं आहे. अर्जाला जन्मदाखला जोडला, पत्र जोडलंच नाही. ते त्यांच्या फायलीतच राहिलं.

आता सांगा, यात साहेबाचा हात कुठे आला?

मला मान्य आहे की व्हिसा देणं न देणं अधिकाऱ्याच्या हातात असतं आणि खात्री कोणी देऊ शकत नाही. मुलगी मुलाखतीत अडखळली असती, घरच्यांनी खोटी माहिती दिली असती, तर मी स्वतः भावाला म्हटलं असतं, गप्प बसा. पण आपण सल्लागाराला फी कशाची देतो? निकालाची नाही, कागद बरोबर लावण्याची. निकालाची जोखीम आपली, कागदाची त्याची. "फी परत नाही" या छापील ओळीचा अर्थ फार तर पहिल्या जोखमीपुरता घेता येईल. स्वतःच्या हलगर्जीपणावर ती ओळ पांघरूण म्हणून घालता येणार नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात याला सेवेतील त्रुटी म्हणतात. त्याच कायद्यात असंही आहे की सदोष सेवेचे पैसे पावतीवर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर ३० दिवसांत परत करायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिल न देणं हीसुद्धा. म्हणून रोख देऊन पावती न घेणाऱ्यांनी जरा विचार करावा.

मागायचं किती, हेही नीट ठरवलं. आरोग्य अधिभार म्हणून भरलेली रक्कम व्हिसा नाकारला की ब्रिटनचं सरकार आपणहून परत करतं. ती यांच्याकडे मागणं चूक. अर्जाची सरकारी फी मात्र तिकडून परत येत नाही, ती यांच्या चुकीमुळे बुडाली, म्हणून ती नुकसानभरपाईत धरली. आणि ४१,३०० पूर्ण.

सल्लागाराची पहिली तडजोड: "दुसरा अर्ज फुकट भरून देतो." म्हणजे सरकारी फी पुन्हा आपण भरायची आणि कागद पुन्हा त्याच हातांत द्यायचे! शिवाय तो कोर्स जानेवारीत सुरूच होत नाही, मुलीचं वर्ष गेलं. आणि हा नकार यापुढे तिला व्हिसाच्या अर्जांत विचारलं जाईल तिथे लिहावा लागणार. दुसरी तडजोड: २०,००० घ्या आणि तक्रार नाही असं लिहून द्या. भावाचं मन डळमळलं होतं. मी म्हटलं, सही करू नका.

निर्णयाचा फेरविचार मागण्याची सोय आहे, २८ दिवसांत, पण त्यात अधिकाऱ्याची चूक दाखवावी लागते, राहिलेला कागद सहसा नव्याने जोडता येत नाही. इथे अधिकारी चुकलाच नव्हता. म्हणून तो रस्ता सोडला आणि सल्लागाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवली. एकाच पानावर तारखांचा तक्ता, सोबत नकारपत्र, पावती, व्हॉट्सअ‍ॅपचा तो संदेश, आणि ३० दिवसांची मुदत. मुदत संपली, आता तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, ऑनलाइनही भरता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर आयोगाची फी शून्य, आणि वकील लागतोच असं नाही.

एक गोष्ट आजच बघा. अर्ज पुष्कळदा सल्लागाराच्या ईमेलवरून भरलेला असतो, नकारपत्रही तिकडेच येतं, आणि आपल्याला तोंडी सांगतात, "रिजेक्ट झालं." पूर्ण पत्र आणि अपलोड केलेल्या कागदांची यादी लेखी मागा. ती देताना टाळाटाळ झाली तर समजा, कारण त्या पत्रातच आहे. ज्यांच्या घरी असं पत्र पडून आहे त्यांनी तारीख पाहावी, तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते.

वाईटपणा आला तर येऊ दे. ४१,३०० रुपये घेताना त्या माणसाला संकोच वाटला नव्हता, मग परत मागताना आपल्याला का वाटावा?